सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र: एका सायकलला आणि एका स्कूटरला रात्रीपुरती जागा द्या

प्रति,
चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतले सगळे सभासद,

नमस्कार.

मी तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. मागच्या जूनमध्ये आम्ही इथे राहायला आलो, म्हणजे सव्वा वर्ष झालं. मी, नवरा आणि आठवीतला मुलगा. कर्वेनगरात घर शोधताना ही बिल्डिंग आवडली कारण मुलाची शाळा सायकलवर पंधरा मिनिटांत येते आणि शेजार चांगला आहे. शेजार खरंच चांगला आहे, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिलंय ते कोणा एकाबद्दल नाही.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण गेल्या चार महिन्यांत मी सेक्रेटरी काकांना दोनदा अर्ज दिला, एकदा ऑफिसात आणि एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि दोन्ही वेळा उत्तर तोंडीच आलं, की नियम आहे, एका फ्लॅटला एक स्लॉट, एका स्लॉटमध्ये एक गाडी. मग 2 ऑगस्टला बोर्डावर नोटीस लागली की "भाडेकरूंनी एकच वाहन आवारात लावावे, अन्यथा वाहनास साखळी लावण्यात येईल". त्यानंतर चार दिवसांनी मुलाची सायकल पंपरूमच्या मागे उघड्यावर सापडली, पावसात. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही आणि आता विचारायचंही नाहीये. पण चेन गंजली, तो दोन दिवस चालत शाळेत गेला, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, आई आपण भाडेकरू आहोत म्हणून का. त्या प्रश्नामुळे मी लिहायला बसले.

आधी माझी बाजू नीट सांगते, त्यातली माझी चूकही सांगते.

आमच्या फ्लॅटला टू-व्हीलरचा एक स्लॉट आहे, त्यात नवऱ्याची स्कूटर असते. तो सकाळी आठला जातो आणि रात्री आठच्या सुमाराला येतो. मी डेक्कनजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारच्या शिफ्टला आहे, साडेबाराला निघते, परत यायला साडेनऊ होतात. त्या वेळेला बसचा भरवसा नाही आणि रिक्षाला ऐंशी-नव्वद रुपये लागतात, रोजचे, म्हणून जानेवारीत मी जुनी स्कूटर घेतली. दिवसा काहीच अडचण नसते, कारण नवऱ्याची गाडी गेली की स्लॉट रिकामाच असतो आणि माझी तिथे राहते. अडचण फक्त रात्री साडेनऊ ते सकाळी आठ एवढीच आहे. सायकलची मात्र दिवसभर असते, शाळेची वेळ सोडून.

आता चूक. आमच्या लीव्ह अँड लायसन्सच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पार्किंगबद्दल एकच ओळ आहे, "एक दुचाकी पार्किंग", आणि सही करताना मी ती वाचून पुढे गेले, तेव्हा दुसरी गाडी घेऊ असं डोक्यातही नव्हतं. (भाड्याने घर घेणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर सांगते, ती ओळ नीट बघा, सायकल असेल तर सायकल असं शब्दात लिहून घ्या, नंतर मालकही हात वर करतात आणि सोसायटीही.) म्हणजे दुसऱ्या गाडीवर माझा हक्क आहे असं मी म्हणतच नाहीये. मला मतदानाचा अधिकार नाही, मीटिंगला बसता येत नाही, हेही मला माहितीये. माझी जी काही सोय होईल ती मालकांमार्फतच होईल. आमचे मालक नाशिकला असतात, त्यांना मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी कमिटीला पत्र दिलंय की माझ्या भाडेकरूची सायकल आणि दुसरी स्कूटर लावायला परवानगी द्यावी, जो चार्ज ठरेल तो मी भरतो. ते पत्र सेक्रेटरींकडे 18 जुलैला पोचलंय, पोच माझ्याकडे आहे.

आणखी एक चूक. सुरुवातीला मी सायकल आमच्याच स्लॉटमध्ये स्कूटरला टेकवून लावायचे. तीन आठवडे लावली. आमचे स्लॉट मी टेपने मोजले, रुंदी 85 सेंटीमीटर आहे. स्कूटरचं हँडल 70 घेतं, आरसे धरले तर त्याहून जास्त. उरलेल्या जागेत सायकल मावत नाही, ती शेजारच्या स्लॉटमध्ये झुकते, आणि एके दिवशी तिच्या ब्रेकच्या दांड्याने शेजारच्या काकांच्या नव्या गाडीवर ओरखडा उठला. त्याचे सहाशे रुपये मी दिले आणि माफीही मागितली. तेव्हा "तुमच्याच स्लॉटमध्ये काय ते बसवा" असं जे सांगितलं जातं ते करून बघितलेलं आहे, ते होत नाही.

आता तक्रारी. एकेक सांगते.

पहिली, नोटीस फक्त भाडेकरूंना का. मी सात रात्री, रोज पावणेअकराला, खाली जाऊन गाड्या मोजल्या. कोणावर पाळत ठेवायला नाही, जागा आहे की नाही ते मलाच कळायला हवं होतं. आपल्या 32 फ्लॅटना टू-व्हीलरचे 32 स्लॉट आहेत. त्यातले सहा स्लॉट सातही रात्री रिकामे होते. चार बंद फ्लॅटचे आणि दोन अशा आजी-आजोबांचे ज्यांच्याकडे गाडीच नाही. आणि त्याच वेळी पाच टू-व्हीलर स्लॉटच्या बाहेर उभ्या होत्या, काही पाहुण्यांच्या जागेत, काही भिंतीला लागून. त्या पाचही मालकांच्या घरातल्या दुसऱ्या गाड्या आहेत. माझं म्हणणं असं अजिबात नाही की त्यांना हाकला. त्यांच्याही घरी सून नोकरी करते, मुलगा कॉलेजला जातो, गरज तीच आहे जी माझी आहे. पण मग गरज तीच असेल तर एकाला साखळी आणि दुसऱ्याला काहीच नाही असं कसं चालेल? नियम करायचा तर "आवारात परवानगीशिवाय वाहन लावू नये" असा सगळ्यांना करा, मी पहिली पाळीन.

दुसरी, हा "एक स्लॉट एक गाडी" नियम नक्की कुठे लिहिलाय ते मला कोणी दाखवलं नाही. म्हणून मी मालकांकडून उपविधीची प्रत मागवून घेतली आणि पार्किंगचा भाग वाचला. आपल्या सोसायटीने आदर्श उपविधीच स्वीकारलेत, त्यात 78 ते 84 हे नंबर पार्किंगचे आहेत. मला वकिली येत नाही, पण भाषा कळण्यासारखी आहे. 80 मध्ये म्हटलंय की साधारणपणे एका सभासदाला एकापेक्षा जास्त जागा मिळणार नाही, म्हणजे तुम्ही सांगता त्याला आधार आहे, हे मी मान्य करते. पण तिथेच पुढे असंही आहे की मागणारं कोणी नाही म्हणून जागा उरल्या तर त्याच सभासदाला दुसरी, तिसरी जागाही देता येते, फक्त वर्षा-वर्षाच्या बोलीवर, आणि ज्याला एकही जागा मिळालेली नाही असा दुसरा सभासद ती मागत नसेल तरच. आणि 84 तर वेगळाच आहे, त्यात स्कूटर, मोटरसायकल, रिक्षा असणाऱ्या सभासदाने कमिटीची आधी परवानगी घ्यावी आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेला चार्ज भरावा असं आहे. म्हणजे स्कूटर लावायला परवानगी मागायची आणि कमिटीने ती द्यायची किंवा कारण सांगून नाकारायची अशी सरळ वाट लिहून ठेवलेली आहे. आमच्या मालकांनी तेच केलंय. त्याला महिना होऊन गेला तरी हो नाही काहीच नाही.

आणि सायकल या सगळ्यात कुठेच नाही. 84 मध्ये तिचं नाव नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या हिशोबाने पायडल मारायची सायकल हे मोटार वाहनच नाही. मग ती "दुसरी गाडी" कशी मोजली गेली? तिला स्लॉट लागत नाही, तिला भिंत लागते आणि पावसापासून आडोसा लागतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. मे महिन्यात बंद फ्लॅटवाल्यांपैकी एक ताई, ज्या बंगलोरला असतात, फोनवर म्हणाल्या की माझा स्लॉट रिकामाच आहे, वापर. मी आनंदाने सेक्रेटरी काकांकडे गेले, ते म्हणाले लेखी आणा, त्यांनी ईमेल केली, तर काका म्हणाले असं परस्पर देता येत नाही. तेव्हा मला वाटलं मुद्दाम अडवतायत, मी थोडं चिडून बोललेही. पण उपविधी 78 वाचल्यावर कळलं की काकांचं बरोबर होतं, पार्किंगची जागा सभासदाला विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, ती सोसायटीची असते आणि सोसायटीच वाटते. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या केसमध्ये स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येणार नाही, ती सामाईक आहे असं सांगितलं, त्यामागेही हीच समजूत आहे. काका, त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल सॉरी. पण मग याचाच दुसरा अर्थ असा होतो ना, की रिकामा स्लॉट त्या ताई मला देऊ शकत नसतील तर कमिटी देऊ शकते, आणि फक्त कमिटीच देऊ शकते. म्हणून तुमच्याकडे मागतेय.

तिसरी तक्रार पैशांची. एप्रिलमध्ये मला तोंडी सांगितलं गेलं की दुसरी गाडी लावायचीच असेल तर भाडेकरूंना महिना पाचशे. पावती मिळेल का विचारलं तर "बघू". मी दिले नाहीत. चार्ज भरायला माझी ना नाही, पण तो सर्वसाधारण सभेने ठरवलेला पाहिजे, त्याचा ठराव पाहिजे आणि पावती पाहिजे. भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकांकडून बिनभोगवटा शुल्क सोसायटी आधीच घेते, सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के, आणि 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मग "भाडेकरू आहे म्हणून" पार्किंगचा वेगळा रेट हा त्याच गोष्टीचे दुसऱ्या नावाने पैसे घेण्यासारखं होईल. दुसऱ्या गाडीला रेट लावा, जरूर लावा, पण गाडीला लावा, माणूस मालक आहे की भाडेकरू ते बघून नको.

चौथी, सायकल कुठे ठेवायची याची जी उत्तरं मिळाली ती. एक म्हणजे घरात ठेवा. तिसरा मजला, लिफ्टमध्ये सायकल उभी केली तरच मावते आणि मग दुसरं कोणी आत येऊ शकत नाही, लिफ्टमध्ये सायकल नेऊ नका अशी नोटीसही तुमचीच आहे. तेरा वर्षांचा मुलगा रोज दोनदा ती जिन्याने चढवणार का? दुसरं उत्तर म्हणजे आमच्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर ठेवा, तिथे कोणी काही बोलणार नाही. हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकलं. जिना हा आग लागली तर बाहेर पडायचा एकमेव रस्ता आहे आपल्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट तेव्हा वापरायची नसते. धुरात, अंधारात, समोरच्या आजी उतरताना हँडलला अडकल्या तर? राज्यात आगीपासून बचावाचा 2006 चा कायदा आहे, आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची हा त्यातला अगदी साधा भाग आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर आज तीन सायकली आणि एक चपलांचं कपाट तसंच उभं आहे. खाली सायकलला जागा नाही म्हणून लोक ती वर नेतात, हे कमिटीने एकदा बघावं.

तिसरं उत्तर, रस्त्यावर लावा. आपल्या गल्लीत एका बाजूला पी-वन, दुसऱ्या बाजूला पी-टू आहे. सम तारखेला इकडे, विषमला तिकडे. मी साडेनऊला थकून येते, त्या रात्री तारखेप्रमाणे बरोबर बाजूला लावते आणि सकाळी तारीख बदललेली असते. बारानंतर उठून गाडी हलवायला खाली कोण जाणार? मार्चमध्ये एकदा सकाळी उठवून नेली, दंड आणि अर्धा दिवस दोन्ही गेलं. पेट्रोल दोनदा काढलं गेलंय. सायकल तर रस्त्यावर एक रात्रही टिकणार नाही.

एवढ्या तक्रारी सांगितल्या, आता जागेचा हिशोब सांगते, कारण "जागाच नाही" हे शेवटचं उत्तर असतं.

सायकलींचं आधी. आपल्याकडे खाली, जिन्यात आणि पंपरूममागे मिळून अकरा सायकली आहेत. त्यातल्या चार कोणाच्या आहेत ते वॉचमन काकांनाही माहीत नाही, टायर चिकटलेत, सीटवर झाड उगवायचं बाकी आहे. उरल्या सात. पूर्वेच्या भिंतीला, स्टिल्टच्या आतच, मीटररूम आणि कोपऱ्यातला खांब यांच्या मध्ये एक पट्टा आहे जिथे जुन्या फरशा, एक फुटकी टाकी आणि मागच्या पेंटिंगचे डबे पडलेत. मी मोजला, लांबी 3.4 मीटर, खोली 1.9 मीटर. सायकल साधारण 1.75 मीटर लांब असते, म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभी मावते आणि गाड्यांच्या वाटेत येत नाही. सगळ्या एकाच दिशेने लावल्या तर हँडलला हँडल लागतं, प्रत्येकीला 60 सेंटीमीटर तरी सोडावे लागतात आणि पाचच बसतात. पण एक आत तोंड करून आणि पुढची बाहेर तोंड करून, अशा उलटसुलट लावल्या तर एकीचं हँडल दुसरीच्या मागच्या चाकावर येतं, आणि मग 45 सेंटीमीटर पुरतात. सात बसतात. हे कागदावर नाही, एका रविवारी मी आणि मुलांनी फरशा बाजूला करून पाच सायकली खऱ्या लावून बघितल्या, चाकांच्या जागा खडूने आखल्या, मग सगळं परत होतं तसं ठेवलं.

तिथे जमिनीत लोखंडी पाइपचे उलट्या यू आकाराचे चार स्टँड बसवले की एकाला दोन सायकली कुलपाने बांधता येतात. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरने बसवून प्रत्येकी 700 सांगितले, म्हणजे 2800. सायकलवाली सात घरं चारशे रुपये काढतील, मी पाच घरांशी बोललेय, सोसायटीचा एक रुपया नको. एक अट मीच घालते. मीटररूमच्या दारापासून एक मीटर पूर्ण मोकळं सोडायचं, तिथे काहीही टेकवायचं नाही, वीज मंडळाचा माणूस किंवा आगीच्या वेळी कोणी मेन स्विचपाशी जायचं तर अडायला नको. ते 3.4 मीटर मी हे सोडूनच मोजलेत.

बेवारस चार सायकलींचं काय करायचं, तर प्रत्येकीला तारीख लिहिलेला टॅग बांधा, बोर्डावर आणि ग्रुपवर फोटो टाका, तीस दिवसांत कोणी सांगितलं नाही तर कमिटीने ठराव करून भंगारात द्या, पैसे सोसायटीत जमा. घाईने उचलून देऊ नका, कोणाच्या आजोबांची आठवण असू शकते.

आता स्कूटर. दुसऱ्या गाड्या सात आहेत. मालकांच्या पाच, माझी एक, आणि पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलाची एक जी तो आत्ता रस्त्यावर लावतो. रिकामे स्लॉट सहा. एक कमी पडतो, हे मी लपवत नाही. शिवाय तीन स्लॉटमध्ये वर्षानुवर्षं न हललेल्या गाड्या आहेत, चाकं बसलेली, पण त्या आपल्या मालकांच्या हक्काच्या जागेत आहेत, त्यांना कोणी काढा म्हणू शकत नाही, विनंती करता येते. त्यातल्या एका काकांनी मला स्वतःहून सांगितलं की गिऱ्हाईक मिळालं की काढतो. ती निघाली की हिशोब बसतो. नाही निघाली तर चिठ्ठ्या टाका, तेही उपविधीत आहेच, 81 मध्ये, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या. आणि चिठ्ठ्या टाकताना आधी सभासदांच्या पाच टाका, उरलेल्या एका जागेसाठी आम्हा दोन भाडेकरूंच्या. हे मला मान्य आहे. घर ज्यांचं आहे त्यांचा नंबर आधी, यात मला अपमान वाटत नाही. अपमान साखळीच्या नोटिशीत वाटला.

मला माहितीये की कमिटीला भीती कशाची आहे. एकदा जागा दिली की ती परत मिळत नाही, माणूस म्हणतो मी तीन वर्षं इथेच लावतोय, आता ही माझी. चेअरमन काका हे मला जिन्यात म्हणाले होते आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. म्हणून परवानगी कागदावर द्या. त्यात एवढं लिहिलं की पुरे: गाडीचा नंबर, स्लॉटचा नंबर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, जास्तीत जास्त एक वर्ष आणि भाडेकरू असेल तर अ‍ॅग्रीमेंट संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. ज्याचा स्लॉट आहे त्या घराने गाडी घेतली किंवा फ्लॅटमध्ये कोणी राहायला आलं तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवर जागा सोडायची. यातून कुठलाही कायमचा हक्क येणार नाही. अर्ज मालकाच्या सहीने, खाली भाडेकरूची सही. गाडीवर वेगळ्या रंगाचं स्टिकर, म्हणजे वॉचमन काकांना वाद घालावा लागणार नाही, रंग बघितला की कळेल. असा कागद माझ्याकडून आजच सही करून घ्या.

हे आत्ता का लिहितेय तेही सांगते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस सभेच्या पूर्ण चौदा दिवस आधी निघते. म्हणजे विषयपत्रिका येत्या दोन-तीन आठवड्यांत ठरेल. एकदा ती निघाली की पार्किंगच्या चार्जचा विषय पुढच्या वर्षावर गेला, आणि तोपर्यंत आमचं अ‍ॅग्रीमेंटही संपलेलं असेल. मध्ये गणपती आहेत. दहा दिवस खाली मांडव असतो आणि सगळ्यांच्याच गाड्या बाहेर जातात, मागच्या वर्षी आमचीही होती, आनंदाने होती, मुलगा आरतीला झांज वाजवायला पुढे असायचा. यंदाही त्या दहा दिवसांबद्दल माझं काही मागणं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

2 ऑगस्टची नोटीस काढावी आणि त्या जागी सगळ्या घरांना सारखी लागू होईल अशी लावावी. तोपर्यंत कोणाच्याही गाडीला साखळी लावू नये आणि कोणाचीही सायकल हलवू नये, हलवायचीच असेल तर आधी बेल वाजवावी.

पूर्वेच्या भिंतीचा पट्टा सायकलींसाठी मोकळा करायला कमिटीने परवानगी द्यावी. फरशा उचलायचं काम आम्ही घरंच करू, फक्त डबे आणि टाकी कुठे ठेवायची ते सांगा.

आमच्या मालकांच्या 18 जुलैच्या पत्राला लेखी उत्तर द्यावं. हो असेल तर अटींसह, नाही असेल तर कारणासह. उत्तर "नाही" असं आलं तर मी वाईट वाटून घेईन पण भांडणार नाही, गाडी विकायची की घर बदलायचं ते आम्हाला ठरवता तरी येईल.

आणि दुसऱ्या टू-व्हीलरचा चार्ज, परवानगीचा कागद आणि गरज पडली तर चिठ्ठ्या, हे तीन विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावेत. मालक त्या सभेला नाशिकहून येणार आहेत, तसं त्यांनी कळवलंय.

सभासदांपैकी ज्यांना हे पटत नसेल त्यांनी मला थेट सांगावं, मी रविवारी घरीच असते. पट्ट्याची मापं आणि सात रात्रींची यादी माझ्याकडे वहीत आहे, त्यात कोणाचं नाव नाही, फक्त स्लॉटचे नंबर आहेत. ज्याला बघायची त्याला दाखवीन, आणि एखादा आकडा चुकला असेल तर आपण दोघं खाली जाऊन परत मोजू.

कळावे,
तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू

ता. क. सायकलची चेन आम्ही रॉकेल आणि ब्रशने साफ करून तेल घातलंय, चालतेय. सध्या ती रात्री आमच्या हॉलमध्ये असते, लिफ्टमधून नाही, जिन्याने चढवलेली.